जमाखर्चाचं वर्ष दिवाळीपासून धरा

उत्पन्नातला अर्धा भाग गरजांसाठी, तीस टक्के हौसेसाठी आणि वीस टक्के बचतीसाठी. घरखर्चाचं नियोजन शिकवणाऱ्या इंग्रजी पत्रकांत हे सूत्र अनेकदा पहिल्याच पानावर असतं. एलिझाबेथ वॉरन आणि अमेलिया वॉरन त्यागी या मायलेकींच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे ते लोकप्रिय झालं. कर कापून हातात पडणाऱ्या पगाराचे तीन वाटे, असा त्याचा हिशेब आहे. अमेरिकेतल्या नोकरदार कुटुंबाला तो सोयीचा आहे, कारण तिथे दर महिन्याला ठरलेली रक्कम घरात येते.

असं पत्रक मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावच्या बचत गटासाठी मराठीत आणायचं, तर शब्दांना फारसा वेळ लागत नाही. उत्पन्न, खर्च, बचत, कर्ज हे शब्द गटातल्या बायका दर बैठकीत वापरतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री त्यांना पाठ असते. काम असतं ते उदाहरणाचं. मूळ पत्रकातलं कुटुंब दरमहा पगार घेतं. गटातल्या दहा-वीस जणींपैकी बहुतेकींच्या घरी पैसा चार वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेची वेळ वेगळी असते. मजुरी काम मिळेल तशी मिळते, दुधाचे पैसे डेअरीकडून दहा दिवसांनी येतात, सोयाबीनची पट्टी वर्षातून एकदा होते, आणि एखाद्या घरी मुलगा पुण्याहून पाठवेल तेव्हा पाठवतो. म्हणून उदाहरणातलं कुटुंब बदलायला हवं, आणि ते बदललं की सगळं गणित पहिल्यापासून मांडावं लागतं.

हे गणित मांडूनच बघू. उदाहरणातल्या घरात नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई आहेत. दोन एकर सोयाबीन आहे, दावणीला एक गाय आहे आणि दोघंही मजुरीला जातात. अकरा क्विंटल सोयाबीन क्विंटलला ४,००० रुपये भावाने विकलं, तर ४४,००० रुपये झाले. दोघांची वर्षाची मजुरी ६७,००० रुपये, आणि गाईचं खाद्य वजा जाता दुधाचे ३३,००० रुपये. एकूण जमा १,४४,००० रुपये.

खर्चाच्या बाजूला किराणा, भाजी, गॅस, लाइटबिल, मोबाइल, किरकोळ औषधपाणी आणि गटाची बचत धरून महिन्याला ८,००० रुपये, म्हणजे वर्षाला ९६,००० रुपये होतात. यापलीकडचे मोठे खर्च असे: बियाणं, खत आणि फवारणीला १८,०००, शाळेला ६,०००, काढणी-मळणीला ८,०००, गौरी-गणपतीपासून दिवाळीपर्यंतच्या सणांना ७,०००, हिवाळ्यातल्या जत्रेला आणि पाहुण्यारावळ्यांना ३,०००, उन्हाळ्यातले आहेर आणि घराची डागडुजी ६,०००. सगळं मिळून पुन्हा १,४४,०००.

मूळ पत्रकातला महिन्याचा तक्ता या घराला लावला, तर वर्षाची बेरीज बाराने भागायची. दरमहा १२,००० जमा, दरमहा १२,००० खर्च. तक्ता सांगतो की हिशेब जुळला. पण हेच घर जूनमध्ये खताच्या पिशव्या उधारीवर आणतं. तक्ता चुकीची बेरीज करत नाही. बाई ज्या महिन्यात अडते तो महिनाच त्यात दिसत नाही, कारण सरासरी काढताना तो पुसला गेलेला असतो.

म्हणून मराठी पत्रकात महिन्याच्या रकान्याऐवजी हंगामाचे चार रकाने करावे लागतात:

जून ते ऑगस्ट: जमा २७,०००, खर्च ४८,०००, तूट २१,०००
सप्टेंबर ते नोव्हेंबर: जमा ७४,०००, खर्च ३९,०००, शिल्लक ३५,०००
डिसेंबर ते फेब्रुवारी: जमा २८,०००, खर्च २७,०००, शिल्लक १,०००
मार्च ते मे: जमा १५,०००, खर्च ३०,०००, तूट १५,०००

आता अडचण कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. उन्हाळ्यात मजुरी आटते, गाय भाकड होते आणि लग्नसराईचे आहेर येऊन पडतात. त्यात सावरलं नाही तोच जूनमध्ये पेरणी आणि शाळा एकदम दारात उभ्या राहतात.

तरीही एक गोष्ट राहते. रकाने जूनपासून मांडले, तर पहिलीच ओळ २१,००० च्या तुटीची येते आणि तिथे करण्यासारखं काही उरत नाही, कारण जूनमध्ये शिल्लक टाकायला हातात काही नसतंच. तेच वर्ष दिवाळीपासून धरलं, की चित्र सुटसुटीत होतं. नोव्हेंबरअखेर ३५,००० शिल्लक. फेब्रुवारीअखेर ती ३६,०००. उन्हाळ्यात त्यातले १५,००० वापरले, उरले २१,०००. पेरणी आणि शाळेत ते संपले. ऑगस्टअखेर हातात काही नाही, पण डोक्यावर कर्जही नाही. म्हणजे या घराचा वर्षभराचा निर्णय सोयाबीनची पट्टी हातात येते त्या आठवड्यात होतो. ते ३५,००० हिवाळाभर मोकळे दिसतात, पण ते उन्हाळ्याचे आणि पेरणीचे आहेत. पत्रकात त्यापुढची पायरीही लिहावी लागते: २१,००० रुपये मे अखेरीला मोकळे होतील अशा बेताने बँकेत मुदत ठेवीत टाकायचे आणि उरलेले उन्हाळ्यासाठी बचत खात्यात ठेवायचे.

इथे मूळ पत्रकात नसलेला एक प्रश्न जोडावा लागतो: हा पैसा कोणाच्या हातात येतो? इंग्रजी पत्रक गृहीत धरतं की हिशेब मांडणारी व्यक्तीच पैसा खर्च करते. उदाहरणातल्या घरात बाईची मजुरी तिच्या हातात येते, पण सोयाबीनची पट्टी बहुधा नवऱ्याच्या खात्यात जमा होते. बाजूला ठेवायचे ३५,००० रुपये नेमके त्या पट्टीतूनच येतात. म्हणून प्रत्येक जमेपुढे तिच्या, त्याच्या किंवा दोघांच्या हातात अशी खूण करायची जागा ठेवायची, आणि चार रकान्यांचं पान घरी दोघांनी मिळून वाचता येईल असं सुटं छापायचं. बैठकीत एकट्या बाईने ठरवलेला बेत पट्टीच्या दिवशी टिकेलच असं नाही.

खर्चाच्या वर्गवारीतही असंच आहे. मूळ पत्रकात गरज आणि हौस अशा दोनच पेट्या असतात. आहेर कोणत्या पेटीत टाकायचा? आपल्या घरच्या लग्नात कोणी काय दिलं ते वहीत लिहिलेलं असतं आणि ते फेडावंच लागतं. त्याला हौस म्हटलं की बाई पत्रक बाजूला ठेवते. त्यापेक्षा तीन प्रश्न उपयोगी पडतात: हा खर्च टळतो का, पुढे ढकलता येतो का, कमी करता येतो का? आहेर टळत नाही, पण साडीऐवजी पीस देऊन कमी होतो. पत्र्याची दुरुस्ती पावसाआधी टळत नाही, रंगरंगोटी मात्र पट्टीपर्यंत थांबू शकते.

दुसरं मोठं उदाहरण व्याजाचं. मूळ पत्रकात दर वर्षाचा असतो, समजा चोवीस टक्के. गावात व्याज शेकड्यावर आणि महिन्याला मोजतात. शंभराला महिन्याला दोन रुपये म्हणजे शेकडा दोन, आणि वर्षाचे तेच चोवीस टक्के. पत्रकात शेकडाच ठेवावा, म्हणजे गट आणि सावकार यांची तुलना लगेच होते. पेरणीचे १८,००० जूनमध्ये घेतले आणि ऑक्टोबरअखेर एकदम फेडले, तर पाच महिने झाले. शेकडा पाचने महिन्याला ९०० प्रमाणे ४,५०० रुपये व्याज, गटाच्या शेकडा दोनने महिन्याला ३६० प्रमाणे १,८००. खत-बियाण्याच्या दुकानात उधारी घेतली, तर व्याज वेगळं सांगत नाहीत, ते पिशवीच्या भावातच धरलेलं असू शकतं. म्हणून रोखीचा आणि उधारीचा भाव दोन्ही विचारून लिहून घ्यायचे.

दर सारखाच सांगितला तरी फसगत होऊ शकते, हेही आकड्यांनीच दाखवावं लागतं. दहा हजारांचं कर्ज, दहा हप्ते, दर महिन्याला हजार रुपये मुद्दल, दर शेकडा दोन. उरलेल्या मुद्दलावर व्याज लावलं तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, मग १६०, असं उतरत शेवटी २० रुपये. दहाही मिळून १,१००. पण मुद्दल फिटत असतानाही दर महिन्याला पूर्ण दहा हजारांवरच व्याज लावलं, तर दहा महिन्यांचे २,००० होतात. नऊशे रुपयांचा फरक. म्हणून सही करण्याआधी विचारायचं: मुद्दल कमी झालं की व्याज कमी होतं का? दहाही हप्त्यांची यादी हातात मागितली की उत्तर आपोआप दिसतं.

पत्रक उतरलं की नाही, हे “समजलं का?” असं विचारून कळत नाही, कारण सगळ्याजणी हो म्हणतात. प्रशिक्षक ताईंनी उदाहरणातला एक आकडा बदलून द्यावा: पाऊस कमी झाला आणि अकराऐवजी आठच क्विंटल सोयाबीन झालं, तर? तीन क्विंटल गेले, म्हणजे १२,००० गेले, ३५,००० ऐवजी २३,००० राहिले, आणि जूनमध्ये तेवढीच तूट पडणार, हे ज्या बाईला दिवाळीपासून पुढे मोजत सांगता येतं तिला पत्रक कळलं. एखादी पुन्हा बाराने भागायला लागली, तर चूक तिची नाही. चार रकाने ठळक झाले नाहीत, हे समजून पान पुन्हा लिहायचं. उदाहरण तिसऱ्या घराचं असण्याचा फायदाही इथेच दिसतो. चारचौघींत स्वतःच्या घरचं उत्पन्न, नवऱ्याची दारू किंवा सोनं गहाण ठेवलेलं कोणी सांगत नाही, पण उदाहरणातल्या बाईबद्दल सगळ्या मोकळेपणाने बोलतात. स्वतःचं पान रिकामं घरी न्यायचं.

त्या बारा हजारांचं काय, हे पत्रकाने खरं सांगायला हवं. कोणत्याही नियोजनाने ते पैसे तयार होत नाहीत. फायदा एवढाच, की तूट जूनमध्ये खताच्या दुकानात उभं राहिल्यावर कळण्याऐवजी नोव्हेंबरमध्ये कळते. मग दिवाळीचा खर्च आवरता येतो, रब्बीच्या हंगामात जास्तीची मजुरी धरता येते, आणि गटाच्या बैठकीत जूनसाठी कर्जाची मागणी सहा महिने आधी नोंदवता येते. गटाकडे फिरवायला पैसा मर्यादित असतो आणि पेरणीला तो सगळ्यांनाच एकदम लागतो. किती जणींना किती लागणार हे हिवाळ्यातच कळलं, तर गट बँकेकडे वेळेत अर्ज करू शकतो. म्हणून मराठी पत्रकाच्या शेवटच्या पानावर बचतीचं सुभाषित न छापता एक ओळ रिकामी ठेवावी: “मला जूनमध्ये ______ रुपये कमी पडणार आहेत.” प्रत्येकीने ती दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत भरावी.