पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन का होत नाही?

सकाळी ऑफिसच्या लॉगिन पानावर पासवर्ड टाकला, मोबाइलवर आलेला कोड टाकला, दोन्ही चालले. त्यानंतर रजेच्या अर्जाचं पोर्टल उघडायला हवं, तर तिथे फक्त ‘लॉगिन अयशस्वी’ एवढीच ओळ दिसते. अशा वेळी लोक पासवर्ड बदलतात, ब्राउझर बदलतात आणि हेल्पडेस्कला फोन लावतात. पण दोष त्यांच्या पासवर्डात नसतो. पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरने त्यांना ओळखलेलं असतं. पोर्टलने मात्र त्या सर्व्हरचं म्हणणं मान्य केलेलं नसतं.

एकदा लॉगिन करून ऑफिसची सगळी पोर्टलं वापरण्याची ही सोय बऱ्याच ठिकाणी सॅमल नावाच्या पद्धतीवर चालते. तिची आज वापरात असलेली २.० आवृत्ती २००५ची आहे. हिचं काम ओळखीच्या चिठ्ठीसारखं चालतं. ओळख पटवणारा सर्व्हर तुमचा पासवर्ड तपासतो आणि ‘ही व्यक्ती अमुक आहे’ अशी चिठ्ठी लिहून तुमच्या ब्राउझरच्या हाती देतो. ब्राउझर ती पोर्टलला नेऊन देतो. पोर्टलला तुमचा पासवर्ड कधीच कळत नाही, त्यामुळे त्याचा सगळा भरवसा चिठ्ठीवर असतो. तो मुख्यतः दोन गोष्टी पाहतो: चिठ्ठीची मुदत चालू आहे का, आणि खालची डिजिटल सही खरी आहे का. कालपर्यंत सुरळीत चालणारं लॉगिन आज अचानक बंद पडलं, तर आधी याच दोन जागी पाहावं.

त्यासाठी मूळ चिठ्ठीच वाचावी. पडद्यावरचा संदेश मुद्दाम मोघम ठेवलेला असतो. फायरफॉक्स आणि क्रोमसाठी सॅमल-ट्रेसर नावाचं एक्स्टेन्शन मिळतं. ते चालू ठेवून पुन्हा लॉगिन केलं, की आलेली चिठ्ठी वाचता येते. ती कुठल्याही ऑनलाइन डीकोडरमध्ये मात्र चिकटवू नये. तिच्यात नाव, ईमेल असतो, आणि मुदत संपेपर्यंत ती खरोखर वापरता येण्यासारखी असते. आत या ओळी सापडतात:

```xml
<saml:Conditions
  NotBefore="2025-06-10T04:32:10Z"
  NotOnOrAfter="2025-06-10T04:37:10Z">
```

शेवटचा `Z` म्हणजे ही वेळ जागतिक प्रमाणवेळ आहे. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे १० वाजून २ मिनिटं झालेली असतात. हा साडेपाच तासांचा फरक म्हणजे बिघाड नव्हे. बिघाड तेव्हा होतो, जेव्हा कुणी सर्व्हरचा टाइमझोन यूटीसीच ठेवून हाताने भारतीय वेळ भरतो. मग सर्व्हर साडेपाच तास पुढे जातो आणि त्याला प्रत्येक चिठ्ठी शिळी वाटते.

नेहमीचा घोटाळा याहून बारीक असतो. समजा, वरची चिठ्ठी लिहिली गेली त्या क्षणी पोर्टलच्या सर्व्हरचं घड्याळ ०४:२८:०० दाखवतंय, म्हणजे ते ४ मिनिटं १० सेकंद मागे आहे. त्याच्या दृष्टीने ही चिठ्ठी अजून लागूच झालेली नाही. थोडाफार फरक चालवून घेण्याची सवलत सॉफ्टवेअरमध्ये असते. विद्यापीठांत पुष्कळ वापरलं जाणारं शिबोलेथ मुळात १८० सेकंद चालवून घेतं. इथला फरक २५० सेकंदांचा आहे, म्हणून नकार. तेच घड्याळ चार मिनिटं पुढे असतं, तर पाच मिनिटांची मुदत हाताशी असल्याने लॉगिन झालं असतं. मागे पडलेलं घड्याळ लवकर अडवतं, ते यामुळे.

घड्याळ इतकं मागे पडतं कसं? सर्व्हरमधला स्फटिक दहा लाखात वीस भागांनी चुकत असेल, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक पडतो. कुणी तो दुरुस्त केला नाही, तर चार मिनिटं मागे पडायला पाचेक महिने पुरतात. एरवी सर्व्हर एनटीपीने आपली वेळ नेटवर्कवरून जुळवत राहतो. पण फायरवॉलचे नियम बदलताना यूडीपी १२३ हे पोर्ट बंद झालं, तर हे काम गुपचूप थांबतं. बिघाड दिसतो महिन्यांनी, तेव्हा त्या बदलाची कुणाला आठवणही नसते. लक्षणंही गोंधळात टाकतात. पोर्टल दोन सर्व्हरांवर चालत असेल आणि त्यातला एकच मागे असेल, तर कुणाचं लॉगिन होतं, कुणाचं होत नाही. लिनक्सवर उलगडा लगेच होतो:

```
timedatectl
chronyc tracking
```

पहिल्या उत्तरात `System clock synchronized: no` दिसलं, की वेळ जुळवणं बंद पडल्याचं कळतं. दुसऱ्यात घड्याळाचा फरक सेकंदांत कळतो, पण पोर्ट उघडून नेटवर्कवरची वेळ पुन्हा मिळू लागल्यावरच. पोर्ट उघडून `chronyc makestep` दिलं, की घड्याळ जागेवर येतं. सवलत १८० सेकंदांवरून तासाभरावर नेली, तरी लॉगिन सुरू होईल. पण हा इलाज मला अजिबात मान्य नाही. चोरलेली चिठ्ठी वापरायला चोराला मग तेवढा वेळ जास्त मिळतो.

घड्याळं जुळतात आणि तरी सगळ्यांचं लॉगिन एकाच क्षणापासून बंद आहे, असं असेल तर सहीकडे वळावं. सर्व्हर आपल्या खासगी किल्लीने सही करतो आणि तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली सर्टिफिकेटच्या रूपात पोर्टलमध्ये आधीच भरून ठेवलेली असते. वेबसाइटच्या कुलूपचिन्हाचं सर्टिफिकेट वेगळं. ते नवं केलं तरी इथे फरक पडत नाही. सहीच्या सर्टिफिकेटकडे ब्राउझर पाहतही नाही, म्हणून ते संपत आल्याचा इशारा वापरणाऱ्याला कधीच दिसत नाही.

इथे पुष्कळ जण तारखेवरून फसतात. मायक्रोसॉफ्टच्या एडीएफएस या सर्व्हरवर सर्टिफिकेट आपोआप बदलण्याची सोय मुळात चालू असते. जुनं संपायच्या २० दिवस आधी तो नवं तयार करतो आणि आणखी ५ दिवसांनी त्यानेच सही करू लागतो. म्हणजे जुन्याची मुदत १५ दिवस शिल्लक असतानाच पोर्टलला अनोळखी सही दिसू लागते. तारीख पाहून ‘सर्टिफिकेट तर चालू आहे’ असं म्हणणारा माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. म्हणून तारखेसोबत ठसाही पाहावा:

```
openssl x509 -in idp.pem -noout -enddate -fingerprint -sha256
```

पोर्टलमध्ये भरलेल्या सर्टिफिकेटवर ही आज्ञा चालवावी, आणि चिठ्ठीतलं `X509Certificate` दुसऱ्या फाइलमध्ये `-----BEGIN CERTIFICATE-----` आणि `-----END CERTIFICATE-----` या ओळींच्या मध्ये ठेवून त्यावरही. ठसे वेगळे निघाले, तर दोष सापडला. पण चिठ्ठीसोबत आलेलं सर्टिफिकेट तसंच उचलून पोर्टलमध्ये भरू नये. बनावट चिठ्ठीतही एखादं सर्टिफिकेट असतंच. नवं सर्टिफिकेट ओळख पटवणाऱ्या सर्व्हरच्या मेटाडेटातून किंवा त्याच्या ॲडमिनकडून घ्यावं. घाईत सहीची तपासणीच बंद करणं हा तर सर्वांत वाईट उपाय. मग कुणीही, कुणाच्याही नावाची चिठ्ठी लिहून आत शिरू शकतो.

पुढच्या वेळी पोर्टल बंद न ठेवता बदल करायचा, तर नवं सर्टिफिकेट आधी पोर्टलमध्ये जुन्याच्या जोडीला भरावं, मग सर्व्हरवर सही बदलावी आणि लॉगिन चालतंय हे पाहून जुनं काढावं. काही पोर्टलांत एकच सर्टिफिकेट राहतं. तिथे दोन्हीकडच्या ॲडमिननी वेळ ठरवून, फोनवर राहून बदल करावा, आणि आपोआप बदलण्याची सोय त्याआधी बंद ठेवावी. मायक्रोसॉफ्टची एन्ट्रा सेवा मुदतीच्या ६०, ३० आणि ७ दिवस आधी मेल पाठवते. तो मेल नोकरी सोडून गेलेल्या कुणाच्या पत्त्यावर जात असेल, तर तिथे टीमचा सामाईक पत्ता घालावा.