पुसला जाणारा कालचा साठा

ग्रंथविक्रेत्याच्या संगणकात प्रत्येक पुस्तकासमोर शिल्लक प्रतींचा एकच आकडा असतो. प्रत विकली की त्याच जागी नवा आकडा येतो आणि जुना पुसला जातो. खतावणीत खोडलेला आकडा निदान वाचता येई. इथे तोही उरत नाही.

समजा, एका कादंबरीच्या 30 दिवसांत 20 प्रती खपल्या. खप मंद आहे, पुन्हा मागवू नये, असे वाटेल. पण रोज रात्री दुकान बंद झाल्यावर सगळी शिल्लक तारखेसह वेगळ्या तक्त्यात उतरवली असेल, तर दिसते की दहाव्या रात्रीपासून शिल्लक शून्यच होती. म्हणजे 20 प्रती 10 दिवसांतच संपल्या. खप रोज दोन प्रतींचा होता. म्हणून शून्याचीही ओळ हवी. ती गाळली, तर पुस्तक संपले होते की नोंद राहिली, हे कळत नाही.

या आकड्यांची तारखांवर बेरीज मात्र करू नये: पाच प्रती दहा रात्री पडून राहिल्या, म्हणून त्या पन्नास होत नाहीत. चुकलेली रात्र नंतर विक्रीच्या पावत्यांवरून नेमकी भरता येत नाही, कारण फाटलेल्या, हरवलेल्या प्रतींची पावती कुणी फाडत नाही.