पार्सलचं वजन आणि कुरियरचा वाढीव आकार

कुरियर कंपनी पार्सलचे पैसे दोन वजनांपैकी जे जास्त भरेल त्यावर घेते. एक वजन काट्यावर दिसणारं, ज्याला या व्यवसायात डेड वेट म्हणतात. दुसरं खोक्याने व्यापलेल्या जागेवरून काढलेलं व्हॉल्यूमेट्रिक वजन. गाडीत किंवा विमानात हलक्या पण मोठ्या खोक्यानेही जागा अडते, म्हणून हे दुसरं वजन. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला करारातल्या भाजकाने भागायचं. भारतात हा भाजक बहुधा ५००० असतो, काही सेवांमध्ये तो ४००० असतो. येणारं उत्तर किलोमध्ये असतं. त्यानंतर स्लॅब लागतो. स्लॅब अर्ध्या किलोचा असेल, तर ५०१ ग्रॅमच्या पार्सललाही एक किलोचा दर पडतो.

विक्रेता ऑर्डर टाकताना वजन आणि मापं स्वतः भरतो. पार्सल कंपनीच्या हबवर पोचलं, की पट्ट्यावरून सरकताना यंत्र ते पुन्हा तोलतं, मोजतं आणि बऱ्याच ठिकाणी त्याचा फोटोही काढतं. यंत्राचं वजन वरच्या स्लॅबमध्ये गेलं, की फरकाची रक्कम विक्रेत्याच्या वॉलेटमधून वळती होते किंवा पुढच्या बिलात चढते. यालाच वेट डिस्क्रिपन्सी म्हणतात. छोट्या विक्रेत्याला ती सहसा काही दिवसांनी, वॉलेटमधली शिल्लक कमी दिसल्यावरच कळते.

नाशिकहून चिवडा पाठवणाऱ्या एका घरगुती विक्रेतीचं उदाहरण घेऊ. खोका २० × १५ × ८ सेंटीमीटरचा आहे आणि पॅकिंगसह काट्यावर ४२० ग्रॅम भरतो. गुणाकार २४०० येतो, ५००० ने भागल्यावर ०.४८ किलो. दोन्ही वजनं अर्ध्या किलोच्या आत आहेत, म्हणून ती ऑर्डरमध्ये ०.५ किलो भरते. पण चिवड्याची पिशवी हवा धरून ठेवते. टेप लावल्यावर झाकण मधोमध एक सेंटीमीटर फुगतं. यंत्र सर्वांत उंच बिंदू धरतं, म्हणून उंची ९ होते, गुणाकार २७०० होतो आणि वजन ०.५४ किलो. पार्सल एक किलोच्या स्लॅबमध्ये जातं. पुढच्या अर्ध्या किलोचा दर ४० रुपये धरला, तर १८ टक्के जीएसटीसह ४७ रुपये २० पैसे जास्त जातात. ग्राहकाने माल नाकारला आणि पार्सल परत आलं, तर परतीचं भाडंही त्याच वाढीव वजनावर लागू शकतं.

हा आकार चुकीचा नाही. खोका खरोखरच फुगलेला आहे. तक्रार करून इथे काही मिळणार नाही आणि ती करूही नये. इलाज पॅकिंगमध्ये आहे. भाजक ५००० असताना अर्ध्या किलोत २५०० घन सेंटीमीटर मावतात. २० × १५ च्या तळावर उंचीची मर्यादा ८.३ सेंटीमीटर येते, म्हणजे फुगवट्याला फक्त तीन मिलिमीटर उरतात. याच तळाचा ७ सेंटीमीटर उंच खोका घेतला, तर एक सेंटीमीटर फुगूनही वजन ०.४८ किलोच राहतं. खोके छापून घेण्याआधी हा हिशेब करणं हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि नेमका तोच बहुतेक वेळा राहून जातो.

माप घ्यायचं ते पार्सल पूर्ण बांधून, टेप आणि लेबल लावून झाल्यावर. रिकाम्या खोक्यावर छापलेला आकार उपयोगाचा नाही. तो कधीकधी आतल्या बाजूचा असतो. टेप खोक्याच्या सर्वांत बाहेरच्या बिंदूंपाशी धरावी. मऊ कुरियर बॅगेतली हवा आधी दाबून काढावी. काटा एक-दोन ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा आणि अधूनमधून तपासावा. किराणा दुकानातल्या मुद्रांकन झालेल्या अर्ध्या किलोच्या वजनाने ही तपासणी दोन मिनिटांत होते.

नोंद मात्र पार्सल हातातून जाण्यापूर्वीच व्हायला हवी. नंतर काढलेल्या फोटोला कंपनी मान देत नाही. चार फोटो पुरतात: एक काट्यावर ठेवलेल्या पार्सलचा, ज्यात आकडा आणि लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर दोन्ही वाचता येतील, आणि तीन बाजूंचे तीन. या तिन्हींत टेपचा शून्याचा टोक आणि शेवटचा आकडा एकाच चौकटीत दिसला पाहिजे. शून्य दिसलं नाही, तर टेप कुठून धरली हे सिद्ध होत नाही, आणि फोटो नाकारले जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. फोटोंना एडब्ल्यूबी नंबरचंच नाव द्यावं, म्हणजे महिन्याभराने शोधाशोध होत नाही.

आता दुसरी शक्यता. ७ सेंटीमीटरच्याच खोक्याला कंपनी ३० × २२ × ११ अशी मापं लावते. गुणाकार ७२६०, वजन १.४५ किलो, स्लॅब दीड किलोचा. दोन स्लॅबचा फरक, म्हणजे वरच्याच दराने ९४ रुपये ४० पैसे. इतका फरक फुगवट्याने पडत नाही. अशा वेळी पॅनलवर कंपनीचा फोटो उघडून बघावा. त्यात शेजारचं पार्सल चिकटून आलेलं असतं, किंवा खोका पट्ट्यावर तिरका पडलेला असतो आणि यंत्राने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेलं असतं, किंवा लेबलच दुसऱ्या पार्सलचं असतं. फोटोत एडब्ल्यूबी नंबर दिसतच नसेल, तर तोही आक्षेपाचा मुद्दा आहे. आणि आपली चूकही इथेच सापडते: ग्राहकाने दोन पाकिटं मागवलेली असतात आणि ऑर्डरमध्ये एकाचंच वजन भरलेलं असतं.

आक्षेप, म्हणजे डिस्प्यूट, पॅनलवरच नोंदवायचा असतो आणि त्याला मुदत असते. ती बऱ्याच ठिकाणी सुमारे सात दिवसांची असते. नेमकी आपल्या करारात पाहावी. मुदतीत काही केलं नाही, तर विक्रेत्याला आकार मान्य आहे असं धरलं जातं. म्हणून आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी ही यादी उघडावी. मजकूर थोडका हवा: एडब्ल्यूबी नंबर, आपली मापं, कंपनीची मापं आणि कंपनीच्या फोटोत नेमकी चूक कुठे आहे ते एका वाक्यात. सोबत चार फोटो जोडायचे. आक्षेप मान्य झाला, की रक्कम वॉलेटमध्ये परत येते. फेटाळला तर लेखी कारण मागावं आणि तक्रार वरच्या पायरीवर न्यावी. याच खोक्याची, वाद न झालेली आधीची बिलं तिथे सोबत जोडता येतात.

एकच माल एकाच खोक्यातून वारंवार जात असेल, तर काही सेवा त्याचं वजन गोठवून देतात. याला वेट फ्रीझ म्हणतात. मालाचे आणि बांधलेल्या खोक्याचे फोटो पाठवून वजन एकदा मंजूर झालं, की त्या मालाच्या पार्सलवर सहसा फरक लागत नाही. पण खोका बदलला किंवा एकाच ऑर्डरमध्ये दोन नग गेले, की ही मंजुरी लागू होत नाही आणि मापं पुन्हा भरावी लागतात.