टोपी काढून फोटो पाठव

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, सायकलचं मागचं चाक बसलंय, घरात स्कूटरचा पंप आहे, पण तो बसतच नाही." मी फोटो मागवला. आला तो टोपी लावलेल्या व्हॉल्व्हचा, आणि टोपीवरून काही सांगता येत नाही. तिला म्हटलं, टोपी काढ, शेजारी पेन्सिल धर आणि बाजूने फोटो काढ.

दुसऱ्या फोटोत उत्तर होतं. नळी पेन्सिलीपेक्षा बारीक आणि टोकाला बारीक पिन, तिच्यावर चिमुकला गोल नट. हा प्रेस्टा, जाडी ६ मिलिमीटर. दुसरा प्रकार श्रेडर, म्हणजे स्कूटर-मोटारीला असतो तोच: ८ मिलिमीटरचा, पेन्सिलीहून किंचित जाड, तोंडाशी बाहेरून आटे आणि आत खोलगट जागेत दाबता येणारी छोटी पिन. नळी जाड दिसली म्हणून लगेच श्रेडर म्हणू नका. आपल्या साध्या सायकलींना वॉलट्यूबचा जुना व्हॉल्व्हही जाडच असतो, पण त्याच्या गळ्याशी मोठा नट असतो आणि वरचं तोंड निमुळतं.

स्कूटरच्या पंपाचं तोंड प्रेस्टाला मोठं पडतं. त्यावर स्वस्तातला तोडगा म्हणजे पितळी अॅडॉप्टर, बोटाच्या पेराहून लहान. तो प्रेस्टावर फिरवून बसवला की बाहेरून श्रेडर होतो. मात्र त्याआधी पिनेवरचा नट शेवटपर्यंत सैल करून पिन एकदा बोटाने दाबायची. फुस्स आवाज आला की व्हॉल्व्ह मोकळा झाला. चाक अगदीच बसलेलं असेल तर आवाज येणार नाही, पण पिन हलायला हवी.

भाची हेच विसरली. पंप दगडासारखा घट्ट, काटा सर्रकन वर गेलेला आणि टायर तसंच मऊ. नट बंद असल्याची ही खूण. नट सोडल्यावर दोन दाबांत टायर उचलू लागलं. हवा आत जाण्याऐवजी बाजूने सुसाटत असेल, तर अॅडॉप्टरच्या आतली रबरी रिंग आहे का ते पाहावं. ती हरवलेली असते.

सायकलसाठीचा पंप विकत घ्यायचा असेल तर दोन भोकांच्या तोंडाचा घ्यावा: बारीक भोक प्रेस्टाला, मोठं श्रेडरला. काही पंपांत एकच भोक असतं. तिथे झाकण उघडून आतला रबरी तुकडा उलटा बसवला की प्रकार बदलतो. तोंड पुरेसं खाली दाबून मगच खटका लावावा.

पंप काढताना मात्र सरळ वर ओढा. प्रेस्टाची पिन एवढी नाजूक, की तोंड तिरकं उपटलं तर ती वाकते, आणि वाकलेली पिन बहुधा नीट बंद होत नाही. हवा किती भरायची ते टायरच्या कडेवरच छापलेलं असतं. भरून झालं की नट बोटाने पुन्हा फिरवून बंद करायचा, पक्कड लावायची नाही.