सरे मोर : फ्रेंच बातम्यांमधले सावध क्रियापद

फ्रेंच रेडिओवर एखाद्या नेत्याच्या मृत्यूची बातमी दोन प्रकारे येऊ शकते. निवेदकाने ‘इल ए मोर’ म्हटले, तर तो नेता वारला. ‘इल सरे मोर’ म्हटले, तर तो वारल्याचे कुणीतरी सांगते आहे, पण केंद्राने ते अजून स्वतःच्या नावावर घेतलेले नाही. ‘ए’च्या जागी ‘सरे’ आले एवढाच फरक. ना ‘सूत्रांनुसार’, ना ‘असे समजते’. सगळी शंका क्रियापदानेच वाहून नेली.

मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्यांना स्वार्थ आणि संकेतार्थ हे शब्द आठवत असतील. ‘पाऊस पडला’ हा स्वार्थ. ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’ हा संकेतार्थ. फ्रेंचमध्येही संकेतार्थाचे नेहमीचे काम हेच आहे : अट असेल तर काय झाले असते, ते सांगायचे. अट दाखवायला तिथे ‘सी’ हा शब्द येतो. बातमीत मात्र हेच रूप अटीविना वापरले जाते. ‘सी’ कुठेच नाही आणि घटना तर घडून गेलेली किंवा चालू असलेली. मग वाचक ओळखतो की अर्थ ‘असे म्हणतात’ असा घ्यायचा. फ्रेंच व्याकरणकार याला ‘पत्रकारी संकेतार्थ’ म्हणतात, काही जण थेट ‘अफवेचा संकेतार्थ’.

चालू स्थिती सांगायची असेल तर ‘सरे’ : मंत्री आजारी असल्याचे कळते. घडून गेलेली गोष्ट सांगायची असेल तर बहुतेक क्रियापदांआधी ‘ओरे’ : स्फोटात दहा जण दगावल्याचे वृत्त आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्याला हे फार सोयीचे पडते, कारण जागा जवळपास लागतच नाही. मराठीत ‘असल्याचे समजते’ लिहायला दोन शब्द खर्च होतात आणि तेही वाक्याच्या शेपटाला येतात. ऐकणाऱ्याला आधी पूर्ण बातमी मिळते, शंका मागाहून. फ्रेंचमध्ये शंका बऱ्याचदा आधी येते आणि मृतांचा आकडा नंतर.

रेडिओवर मात्र ही सोय नाजूक होते. ‘सरा’ म्हणजे ‘असेल’, साधा भविष्यकाळ. ‘सरे’ म्हणजे ‘असल्याचे म्हणतात’. दोघांत फरक फक्त शेवटच्या स्वराचा, आणि तो गाडी चालवणाऱ्याच्या किंवा भांडी घासणाऱ्याच्या कानातून सहज निसटतो. म्हणून निवेदक पुष्कळदा वर एक वाक्य जोडतात, ‘इथे संकेतार्थ वापरणेच योग्य’ अशा अर्थाचे. व्याकरणाची संज्ञा बातमीपत्रात अशी सर्रास उच्चारली जाण्याचा प्रकार आपल्याकडे क्वचितच आढळेल.

आणखी एक अडचण उद्याच्या घटनांची. ‘मंत्री उद्या राजीनामा देतील अशी वार्ता आहे’ आणि ‘(अमुक झाले तर) मंत्री राजीनामा देतील’ ही दोन्ही वाक्ये फ्रेंचमध्ये एकाच रूपात मावतात. चांगला बातमीदार अशा वेळी ‘सलों’, म्हणजे ‘यांच्या म्हणण्यानुसार’, हा शब्द घालून बातमी कुणाकडून आली ते सांगतो.

हे रूप वापरायला हवे होते आणि वापरले नाही, याचे फ्रान्समधले गाजलेले उदाहरण 2019 सालचे आहे. एप्रिल 2011 मध्ये नाँत शहरातल्या एका घराच्या गच्चीवजा ओट्याखाली एक महिला आणि तिची चार मुले यांचे मृतदेह पुरलेले सापडले होते. तिचा नवरा झाव्हिए द्युपाँ द लिगोनेस हा संशयित, आणि तो बेपत्ता. सगळा देश त्याला आठ वर्षे शोधत होता. 11 ऑक्टोबर 2019 च्या शुक्रवारी पॅरिसहून आलेल्या एका प्रवाशाला ग्लासगो विमानतळावर पकडण्यात आले. त्या रात्री ‘ल पारिझियँ’ने बातमी फोडली आणि एएफपी या वृत्तसंस्थेनेही ती दिली : द्युपाँ द लिगोनेसला अटक. माहिती फ्रेंच पोलिसांमधल्या सूत्रांची होती आणि त्यांना ती स्कॉटलंडहून मिळाली होती. बोटांचे ठसे जुळल्याचे सांगितले जात होते. वृत्तवाहिन्यांनी रात्रभर तेच चालवले.

शनिवारी डीएनए तपासणीचा निकाल आला. पकडलेला माणूस दुसराच होता, पॅरिसच्या पश्चिमेला राहणारा एक निवृत्त गृहस्थ.

या बातमीत चुकीचे नेमके काय होते? अटक खरी होती. विमानतळ, वार, पॅरिसहून आलेले विमान, सगळे खरे. कच्चा दुवा एकच होता, तो माणूस कोण. स्कॉटिश पोलिसांनी एका माणसाला ताब्यात घेतल्याचे सांगितले होते, पण ओळख पटल्याचे जाहीर केले नव्हते. नाँतच्या सरकारी वकिलांनीही सबुरीचा सल्ला दिला होता. तेव्हा अटकेला स्वार्थ आणि ओळखीला संकेतार्थ, अशी वाटणी करता आली असती : ‘ग्लासगोत एकाला अटक, तो द्युपाँ द लिगोनेस असल्याचे सांगितले जाते.’ शंका बातमीच्या नेमक्या कोणत्या तुकड्यावर ठेवायची, हे ठरवणेच इथले खरे संपादन होते.

मथळ्याचा स्वभावही आड आला असावा. फ्रेंच मथळ्यात साहाय्यक क्रियापद गाळून नुसते ‘आरेते’, म्हणजे ‘अटक केलेला’, एवढेच छापण्याची रीत आहे. पण संकेतार्थ राहतो तो नेमका त्या गाळलेल्या साहाय्यकातच. ‘ओरे एते आरेते’ हे लांबलचक रूप मोठ्या टायपात बसत नाही, आणि ते छाटले की शंकाही छाटली जाते. मग तेवढ्यासाठी प्रश्नचिन्ह टाकतात, ज्याने बातमीचा निम्मा जोरच जातो.

उलट टोकाला हे रूप ढालीसारखे वापरणारेही असतात : कुणावरही काहीही आळ घ्यायचा आणि क्रियापद तेवढे संकेतार्थी ठेवायचे. स्पेनमधल्या ‘एल पाईस’च्या शैलीपुस्तिकेने आपल्या बातमीदारांना अफवेचा हा संकेतार्थ वापरायला मनाईच केली आहे. फ्रेंच कायद्यापुढे तर ही ढाल फारशी टिकत नाही. 29 जुलै 1881 च्या वृत्तपत्र स्वातंत्र्य कायद्यातले 29वे कलम बदनामीची व्याख्या करताना स्पष्ट म्हणते की, आरोप संशयाच्या रूपात मांडला असला तरी तो शिक्षेस पात्र आहे. ‘त्याने पैसे खाल्ले’ आणि ‘त्याने पैसे खाल्ल्याचे बोलले जाते’ ही दोन्ही वाक्ये न्यायालयात ओढली जाऊ शकतात.

संकेतार्थाचा थोडासा उपयोग होतो तो पुढे, पत्रकार सद्भावनेने वागल्याचा बचाव मांडू लागतो तेव्हा. त्या बचावासाठी न्यायालये परंपरेने चार गोष्टी पाहत आली आहेत : बातमीमागचा हेतू रास्त होता का, वैयक्तिक आकस होता का, शोध गांभीर्याने घेतला होता का आणि भाषेत संयम होता का. ‘सरे’ आणि ‘ओरे’ यांची गणती यातल्या शेवटच्या मुद्द्यात होते. तिसऱ्यासाठी वही, कागदपत्रे आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याला केलेला फोन लागतो.