डेट्रॉइटला एक पान, स्टुटगार्टला अख्खी फाइल

चाकणच्या गिअरबॉक्स कारखान्यात सहा वर्षं क्वालिटी विभागात काम केलेली एक इंजिनीअर समजा. तिचा बायोडेटा चार पानांचा आहे. वर फोटो, मग करिअर ऑब्जेक्टिव्ह, दहावीपासूनचे टक्के, कॉलेजातले सेमिनार, वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असं लिहून सही. आपल्याकडे हा कागद चालून जातो. आता तिला एक अर्ज डेट्रॉइटजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीकडे करायचा आहे आणि दुसरा स्टुटगार्टजवळच्या तशाच कंपनीकडे. अशा वेळी बहुतेक जण पानं मोजायला बसतात. त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी: त्या देशात लिहिलेल्याचा पुरावा मुलाखतीआधी मागतात की नंतर?

अमेरिकन कंपन्या साधारणपणे तो नंतर मागतात. तिथला रेझ्युमे मुलाखतीचं बोलावणं मिळवण्यापुरता असतो. पदवीची पडताळणी, आधीच्या कंपनीकडे चौकशी, ओळखीच्या वरिष्ठांशी बोलणं हे सगळं निवड जवळपास ठरल्यावर होतं. म्हणून सोबत प्रमाणपत्रं जोडायची नसतात आणि दहाएक वर्षांपर्यंतचा अनुभव एका पानात बसवावा अशी अपेक्षा असते. त्याहून जास्त अनुभव असेल तर दुसरं पान कुणाला खटकत नाही.

फोटो, जन्मतारीख, धर्म, लग्न झालंय की नाही, वडिलांचं नाव हे सगळं काढून टाकायचं. यामागे कायदा आहे. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घातली. १९६७च्या कायद्याने चाळिशी आणि त्यापुढच्या उमेदवारांना वयाबाबत तसंच संरक्षण दिलं. ज्या माहितीवरून उद्या भेदभावाचा आरोप होऊ शकतो ती आपल्या फाइलीत असूच नये, असं तिथल्या कंपन्यांना वाटतं. म्हणून फोटो लावलेला रेझ्युमे काही ठिकाणी थेट बाजूला पडतो. व्हिसाबद्दलही रेझ्युमेत काही लिहू नये. काम करायची परवानगी आहे का, पुढे कंपनीने व्हिसा काढून द्यावा लागेल का, हे अर्जाच्या फॉर्ममध्येच विचारतात आणि तिथे खरं उत्तर द्यायचं असतं.

एवढं काढलं तरी दोन पानं उरतातच. खरी कात्री कामाच्या वर्णनाला लागते. तिच्या मूळ बायोडेटात लिहिलंय: ‘इनकमिंग इन्स्पेक्शन, व्हेंडर क्वालिटी, एट-डी रिपोर्ट आणि कस्टमर कंप्लेंट यांची जबाबदारी.’ हे कोणत्याही क्वालिटी इंजिनीअरला लागू पडेल. तिने असं लिहावं: ‘शाफ्ट पुरवणाऱ्या तीन व्हेंडरांबरोबर एट-डी पद्धतीने काम करून लाइनवरचं रिजेक्शन वर्षभरात ३.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आणलं.’ काय केलं, कुणाबरोबर, काय फरक पडला, हे एका वाक्यात आलं. मात्र आकडा असा असावा की मुलाखतीत तो कसा मोजला हे तिला सांगता येईल. काम पाच जणांच्या गटाने केलं असेल तर ‘पाच जणांच्या गटात’ हेही लिहावं. अशी चार-पाच वाक्यं जमली की दहावी-बारावीचे टक्के काढताना जिवावर येत नाही.

पाठवण्याआधी पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. अर्ज पोर्टलवरून जात असेल तर आतलं सॉफ्टवेअर साधारण तसाच मजकूर उचलतं. दोन रकान्यांचा देखणा साचा वापरला असेल तर कंपनीचं नाव एकीकडे आणि तारखा भलतीकडे गेलेल्या दिसतात. तसं झालं तर साधा, एका रकान्याचा साचा घ्यावा. तारखांमध्ये महिन्याचं नाव अक्षरी लिहावं, कारण ५/८ हा आकडा आपण पाच ऑगस्ट वाचतो आणि अमेरिकन माणूस आठ मे.

हे सगळं कंपन्यांपुरतं. अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी किंवा प्राध्यापकपदासाठी अर्ज करताना ‘सीव्ही’ मागतात तेव्हा पूर्ण नोंद हवी असते. त्यात प्रत्येक शोधनिबंध, शिकवलेले विषय, मिळालेला निधी, परिषदांमधली भाषणं येतात आणि पानांची मर्यादा सहसा नसते. तिथे एक पान पाठवलं तर काही केलंच नाही असं वाटेल. ब्रिटनमधल्या कंपनीच्या जाहिरातीतही ‘सीव्ही’ हाच शब्द असतो, पण तिथे सहसा दोन पानांचा, बिनफोटोचा कागद अपेक्षित असतो.

आता जर्मनी. तिथे पुरावा मुलाखतीआधी लागतो, आणि आपले लोक इथेच जास्त चुकतात. तिथल्या सीव्हीला लेबेन्सलाउफ म्हणतात. तोही एक-दोन पानांचाच असतो: डावीकडे महिना आणि वर्ष, उजवीकडे तपशील, ताजं काम सर्वांत वर. जन्मतारीख लिहायचा आणि शेवटी गाव, तारीख, सही करायचा प्रघात आहे. २००६च्या समान वागणुकीच्या कायद्यामुळे कंपनी फोटोचा आग्रह धरू शकत नाही, तरी बरेच उमेदवार तो लावतात. लावायचाच तर स्टुडिओत काढलेला लावावा. गुण नुसते ८.१ असे लिहू नयेत, दहापैकी ८.१ असं लिहावं, कारण जर्मन पद्धतीत १.० हा सर्वोत्तम शेरा असतो आणि आकडा वाढेल तसा शेरा खालावतो. भाषेसाठी ए-१ ते सी-२ यांपैकी आपली पातळी द्यावी.

रिकामे महिनेही तिथे नजरेतून सुटत नाहीत. तिने मार्च २०२१ मध्ये एक नोकरी सोडून ऑगस्टमध्ये दुसरी धरली असेल, तर अमेरिकन रेझ्युमेत नुसती वर्षं लिहून ते झाकलं जातं. जर्मन रकान्यात मधले महिने उघडे दिसतात. ‘आईच्या आजारपणात देखभाल’ किंवा ‘जर्मन भाषेचा वर्ग’, जे खरं असेल ते एका ओळीत लिहिलं की पुरतं.

या दोन पानांमागे कागदपत्रं येतात: पदवी, गुणपत्रिका, भाषेचं प्रमाणपत्र आणि आधीच्या कंपन्यांची पत्रं, तीही क्रमाने आणि शक्यतो एकाच पीडीएफमध्ये. पोर्टलची फाइलमर्यादा आधी पाहावी, नाहीतर ऐन वेळी गुणपत्रिका अस्पष्ट होईपर्यंत दाबाव्या लागतात. जर्मनीच्या अनाबिन या माहितीसाठ्यात आपलं विद्यापीठ आणि पदवी शोधून त्या पानाची प्रत जोडली, तर आपल्या पदवीचं तिथलं मोल वाचणाऱ्याला कळतं.

सर्वांत अडतं ते कंपनीच्या पत्रावर. जर्मनीत नोकरी सोडताना लेखी प्रशस्तिपत्र मिळणं हा कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, आणि कर्मचाऱ्याने मागितलं तर त्यात काम आणि वागणूक यांबद्दल सविस्तर लिहावं लागतं. आपल्याकडच्या रिलीव्हिंग लेटरमध्ये बहुधा हुद्दा, दोन तारखा आणि भविष्यासाठी शुभेच्छा एवढंच असतं. जर्मन मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही. तेव्हा राजीनामा देण्याआधीच, संबंध चांगले असताना, आपल्या साहेबांकडून लेटरहेडवर एक पानाचं पत्र घ्यावं. कोणत्या लाइनवर काम केलं, कोणती यंत्रं आणि मोजमापाची साधनं हाताळली, हाताखाली किती माणसं होती आणि काम कसं केलं, हे त्यात असावं. मसुदा स्वतः लिहून दिला तर साहेब सहसा नाही म्हणत नाहीत. मग तिथल्या मॅनेजरला मुलाखतीत नुसत्या हुद्द्याबद्दल विचारत बसावं लागत नाही, त्या तीन व्हेंडरांबद्दल विचारता येतं.