तापणारे बटण आणि हीटरचा भार

जुलै २०२१ मध्ये सावित्री नदीचे पाणी महाड शहरात शिरले. पुरात भिजलेले बटण बाहेरून कोरडे झाले, तरी आतील धातूची टोके गंजतात व तेथील विद्युतरोध वाढतो. २००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सांध्यात अवघा ०.१ ओहम रोध असला, तरी तेथे साडेसात वॉट उष्णता निर्माण होते. बटण तापते, गुणगुणते, ठिणग्या टाकते. असे बटण घासूनपुसून वापरू नये. मुख्य स्विच बंद करून परवानाधारक तारतंत्र्याकडून १६ अँपिअरचे नवे बटण बसवावे. दिव्याचे ६ अँपिअरचे येथे निरुपयोगी. तारेचे काळवंडलेले टोक कापून स्क्रू घट्ट आवळावा. अर्ध्या तासाने बटण पुन्हा तापल्यास तारेची जाडी तपासून घ्यावी.